पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर कुठे लागतो: सातारा एमआयडीसीतली दोन पासबुकं

सांगलीत करसल्लागाराच्या टेबलावर पीएफची कागदपत्रं येतात ती बहुतेक वेळा पैसे खात्यावर पडून गेल्यावर. ‘दहा टक्के का कापले?’ हा प्रश्न तेव्हाचा. २०२४ मध्ये मात्र एकाच कारखान्यातले दोघं आमच्याकडे आले. एक राजीनामा द्यायच्या आधी आला, दुसरा क्लेम होऊन गेल्यावर. दोघंही आधी सांगलीजवळच्या कुपवाडला होते, मग नोव्हेंबर २०२१ पासून सातारा एमआयडीसीत लागले आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिथून बाहेर पडले. साताऱ्याच्या खात्यावर दोघांची जमा अगदी सारखी होती. एकाचा रुपयाही कापला गेला नाही, दुसऱ्याचे ९,२९२ रुपये गेले. पुढचा सगळा हिशेब २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा आहे आणि कलमं तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत.

आधी नियम काय आहे ते पाहू. सलग पाच वर्षं सेवा झाली असेल तर मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधीची रक्कम करमुक्त. पाच वर्षं म्हणजे एकाच कंपनीतली नव्हेत. जुन्या कंपनीच्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात ट्रान्सफर झाली असेल तर जुनी सेवाही मोजली जाते. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात हे स्पष्ट लिहिलंय, आणि जोर ‘रक्कम ट्रान्सफर झाली असेल तर’ यावर आहे. यूएएन एकच आहे म्हणजे सगळं आपोआप जोडलं गेलं, हा समज फार पसरलाय. यूएएनखाली दोन मेंबर आयडी वेगवेगळे पडून असतील तर ती अजून दोन खातीच आहेत.

पाच वर्षांच्या आत काढूनही कर लागत नाही अशी एक वाट आहे. प्रकृतीमुळे नोकरी सुटली, किंवा कंपनी बंद पडली, किंवा कामगाराच्या हातात नसलेलं दुसरं कारण असेल, तर सूट मिळते. कुपवाडच्या छोट्या शेडमधून हे वरचेवर घडतं. पण मालक पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण CESSATION (SHORT SERVICE) असं टाकून मोकळा होतो, आणि मग कामगाराने राजीनामा दिला की शेड बंद पडली हे रेकॉर्डवरून कळत नाही. कंपनी बंद झाल्याचं पत्र तेव्हाच घेऊन ठेवावं. वर्षभराने ते पत्र द्यायला तिथे कुणी सापडत नाही.

आता पहिला माणूस. तो कुपवाडला एप्रिल २०१९ ते सप्टेंबर २०२१ असा ३० महिने होता आणि साताऱ्याला ३५ महिने. बेरीज ६५ महिने, म्हणजे पाच वर्षं पाच महिने. मधला ऑक्टोबर २०२१ हा महिना सेवेत धरला जात नाही, पण रक्कम पुढे नेली असेल तर त्या एका महिन्याने जोड तुटतही नाही. कुपवाडचे पैसे त्याने हात न लावता तसेच ठेवले होते. आळसाने म्हणा हवं तर, पण तो आळस त्याच्या उपयोगी पडला.

तो जुलैमध्ये आला तेव्हा आम्ही पहिल्यांदा मेंबर पोर्टलवर View मधलं Service History उघडलं. तिथे दोन ओळी होत्या. साताऱ्याची ओळ ठीक होती. कुपवाडच्या ओळीत नोकरी लागल्याची तारीख होती, सोडल्याची तारीख नव्हती. हे इतकं नेहमीचं आहे की ते नसलं तरच नवल वाटावं. जुन्या कंपनीने चलन भरणं थांबवलं, पण एक्झिटची तारीख टाकली नाही. ती तारीख नसेल तर ट्रान्सफरचा अर्ज पुढे सरकत नाही. कंपनीच्या एचआरच्या मागे लागण्याची गरज नव्हती. शेवटचा भरणा होऊन दोन महिने उलटले की Manage खालच्या Mark Exit मध्ये सभासद स्वतःच तारीख टाकू शकतो. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, बस्स. इथे एकच काळजी घ्यायची. पासबुकात शेवटचा भरणा ज्या महिन्याच्या पगाराचा आहे, त्याच महिन्यातली तारीख टाकायची. घाईत पुढची तारीख पडली आणि ती नव्या नोकरीच्या सुरुवातीच्या पलीकडे गेली, तर दोन नोकऱ्या एकावर एक चढलेल्या दिसतात आणि ते निस्तरायला दोन्ही कंपन्यांचे कागद लागतात.

त्यानंतर Online Services मधून One Member - One EPF Account हा ट्रान्सफरचा अर्ज भरला. अर्ज कोणी मंजूर करायचा, आत्ताच्या कंपनीने की आधीच्या, असा पर्याय तेव्हा पोर्टल विचारत होतं. आम्ही आत्ताची कंपनी निवडली. माणूस अजून कामावर होता, एचआरच्या खोलीत जाऊन उभं राहणं शक्य होतं. राजीनामा देण्याआधी ट्रान्सफर करा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो ते याचसाठी. एकदा गेटच्या बाहेर पडल्यावर तुमच्या अर्जावर डिजिटल सही करायची कुणाला घाई नसते.

ट्रान्सफर मंजूर झाल्याचा एसएमएस आला म्हणजे काम झालं असं धरू नये. साताऱ्याच्या मेंबर आयडीचं पासबुक उघडून बघावं. कुपवाडचा कामगाराचा हिस्सा आणि कंपनीचा हिस्सा दोन्ही तिथे जमा दिसले पाहिजेत, आणि कुपवाडचं पासबुक शून्यावर आलं पाहिजे. एकच हिस्सा आलेला दिसला तर तिथल्या तिथे तक्रार टाकावी, क्लेम त्यानंतर. या माणसाच्या बाबतीत दोन्ही नीट आले. सप्टेंबरअखेर त्याने नोकरी सोडली, दोन महिने थांबून डिसेंबरच्या सुरुवातीला पीएफ पूर्ण काढण्याचा फॉर्म १९ भरला, आणि पूर्ण रक्कम एक पैसाही न कापता खात्यावर आली.

दुसऱ्याची गोष्ट कुपवाडलाच फिरली होती. तो तिथून जून २०२१ मध्ये बाहेर पडला, चार महिने घरी होता, आणि त्या काळात त्याने कुपवाडचा पीएफ पूर्ण काढून घेतला. (ती रक्कमही त्या वर्षी करपात्रच होती, पण तो वेगळा विषय.) खातं रिकामं झालं म्हणजे ट्रान्सफर करायला काही उरलं नाही, आणि ट्रान्सफर नाही तर जुनी सेवा जोडायला आधार नाही. त्याच्या नावावर उरले फक्त साताऱ्याचे ३५ महिने. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एका नेट कॅफेतून फॉर्म १९ भरला आणि ९२,९१५ ऐवजी ८३,६२३ रुपये खात्यावर आल्यावर आमच्याकडे आला.

कापलं ते कलम १९२ए खाली. सेवा पाच वर्षांहून कमी आणि रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ईपीएफओ १० टक्के टीडीएस कापून घेतं. ही ५०,००० ची मर्यादा जून २०१६ पासूनची, त्याआधी ती ३०,००० होती. खात्याला पॅन जोडलेला नसेल तर दर २० टक्के, म्हणजे याच माणसाचे १८,५८३ रुपये गेले असते. टीडीएस पूर्ण रकमेवर कापला जातो, त्यातलं करपात्र किती हे कापणारा बघत नाही. पेन्शनचा हिस्सा फॉर्म १०सी ने वेगळा येतो, तो या ९२,९१५ मध्ये नाही.

खरा कर किती हे काढायचं तर पासबुक समोर घेऊन रकमेचे चार तुकडे करावे लागतात. पीएफ १५,००० च्या पगारावर कापला जात होता, म्हणजे त्याचे दरमहा १,८०० रुपये. कंपनीचेही १,८००, पण त्यातले १,२५० पेन्शनकडे जातात आणि पीएफमध्ये ५५० च पडतात. ३५ महिन्यांत त्याचे स्वतःचे ६३,००० झाले आणि कंपनीचे १९,२५०. व्याज २०२१-२२ ला ८.१०, २०२२-२३ ला ८.१५ आणि नंतरच्या दोन वर्षांना ८.२५ टक्के. त्याच्या हिश्शावर एकूण व्याज पडलं ८,१६९ आणि कंपनीच्या हिश्शावर २,४९६.

कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज, म्हणजे २१,७४६ रुपये, पगार म्हणून धरायचे. मागच्या वर्षांचे पैसे एका वर्षात आल्याने दर चढत असेल तर या भागावर कलम ८९ ची सवलत मागता येते. स्वतःच्या हिश्शावरचं ८,१६९ रुपये व्याज ‘इतर उत्पन्न’ या सदरात जातं.

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो उरलेल्या ६३,००० चा. हा त्याचा स्वतःच्या पगारातून कापलेला पैसा आहे, त्यावर त्याने एकदा कर भरला असेल तर पुन्हा लागायचं कारण नाही. पण ज्या वर्षी त्याने त्यावर ८०सी ची वजावट घेतली, त्या वर्षी तो पैसा करातून सुटला होता. पाच वर्षांच्या आत पैसे काढले की ती वजावट परत घेतली जाते. म्हणून दर वर्षी कुठली करप्रणाली निवडली होती हे तपासावं लागतं. या माणसाने २०२१-२२ आणि २०२२-२३ ही दोन वर्षं जुन्या प्रणालीत भरली होती, तेव्हा साताऱ्याच्या पीएफपोटी ९,००० आणि २१,६०० अशी एकूण ३०,६०० ची वजावट घेतली होती. पुढची दोन वर्षं नवी प्रणाली, तिथे ८०सी नाहीच. त्या काळातले ३२,४०० रुपये परत घेण्याचा प्रश्न येत नाही.

परत घेणं म्हणजे ३०,६०० सरसकट या वर्षाच्या उत्पन्नात मिळवणं नव्हे. ज्या त्या वर्षाचा कर वजावटीशिवाय पुन्हा मांडायचा आणि जो फरक निघेल तेवढाच भरायचा. आयटीआर-२ मध्ये Schedule OS खाली कलम १११ चा एक छोटा तक्ता असतो, त्यात निर्धारण वर्ष, Income Benefit आणि Tax Benefit असे रकाने आहेत. आयटीआर-१ मध्ये हा तक्ता नाही, म्हणून पगारदार असूनही आम्ही याचा आयटीआर-२ भरला. त्या दोन्ही वर्षी त्याचं करपात्र उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत होतं. वजावट काढून घेतली तरी ते पाच लाखांच्या आतच राहत होतं आणि ८७ए च्या सवलतीने कर शून्यच येत होता. म्हणून Income Benefit मध्ये ९,००० आणि २१,६००, आणि Tax Benefit मध्ये दोन्हीकडे शून्य.

२०२४-२५ चं चित्रही साधंच होतं. सहा महिन्यांचा पगार १,८०,०००, त्यात पीएफचे २१,७४६ मिळवले आणि नव्या प्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली. वर ८,१६९ व्याज. एकूण उत्पन्न १,३४,९१५. कर काहीच नाही, कापलेले ९,२९२ पूर्ण परतावा म्हणून मागितले.

हाच माणूस ऑक्टोबरपासून दुसरीकडे चांगल्या पगारावर लागला असता आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असता, तर २९,९१५ वर उपकरासह ६,२२२ रुपये कर झाला असता. वजावटीची दोन वर्षंही तो २० टक्क्यांत असता तर ३०,६०० पोटी आणखी ६,३६५. मिळून १२,५८७. टीडीएस वजा जाता ३,२९५ रुपये खिशातून भरायचे. ‘दहा टक्के कापले, आता कर संपला’ असं म्हणणाऱ्याला नोटीस येते ती इथे.

आमच्या माणसाला खरं तर टीडीएस टाळता आला असता. क्लेम भरताना टीडीएस कापू नका असं निवेदन देणारा फॉर्म १५जी जोडायची सोय तेव्हा होती. वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर शून्य येत असेल आणि ज्या रकमेसाठी १५जी देतोय ती मूळ सवलतीच्या मर्यादेत असेल तर तो देता येतो. ६० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी १५एच. फॉर्ममध्ये १६ व्या रकान्यात पीएफची रक्कम आणि १७ व्या रकान्यात ती धरून वर्षाचं एकूण अंदाजित उत्पन्न लिहायचं असतं. नेट कॅफेवाले १७ व्या रकान्यातही तोच आकडा टाकून देतात. पगार मिळालेला असताना असं लिहिणं म्हणजे खोटं निवेदन होतं, आणि २० टक्क्यांतल्या माणसाने १५जी देणं तर उघड उघड चूक. पैसे आज पूर्ण मिळतात, पण १५जी वरचा व्यवहारही आयकर खात्याकडे नोंदवलेला असतो.

परतावा मागताना एक अडचण हमखास येते. एआयएस आणि २६एएस या आयकर खात्याकडच्या नोंदींमध्ये १९२ए खाली पूर्ण ९२,९१५ दिसतात, आणि विवरणपत्रात आपण करपात्र दाखवतो फक्त २९,९१५. यंत्रणेला वाटतं ६३,००० दडवले. म्हणून एआयएसमध्ये त्या नोंदीवर माहिती पूर्णपणे बरोबर नसल्याचा अभिप्राय टाकून ठेवला, आणि वर्षवार हिश्शांचा तक्ता व पासबुकाची प्रत एकत्र फाइलला लावली. क्लेम मंजूर झाल्यावर पासबुकं लगेच डाउनलोड करून ठेवावीत. फॉर्म १९ झाल्यावर लोक यूएएनचा पासवर्ड विसरतात, मोबाईल नंबर बदलतात, आणि तुकडे पाडायला लागणारे आकडे त्या एकाच कागदावर असतात.

व्याजावरच्या कराचा दुसरा प्रकार या दोघांना लागू नव्हता, पण त्याच हंगामात एका मुलीचा आला. ती सांगलीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. मूळ पगार एक लाख, म्हणजे पीएफ १२,००० आणि वर तिने स्वेच्छेने १५,००० व्हीपीएफ लावलेला. वर्षाचे ३,२४,०००. एप्रिल २०२१ पासून कामगाराचा स्वतःचा भरणा वर्षाला २,५०,००० च्या वर गेला तर वरच्या भागावरचं व्याज दरवर्षी करपात्र आहे. यात कंपनीचा हिस्सा मोजत नाहीत, व्हीपीएफ मात्र मोजतात. जिल्हा परिषदेतल्या जीपीएफवाल्यांना, जिथे मालकाचा हिस्साच नसतो, ही मर्यादा ५ लाख आहे.

तिला वाटत होतं ७४,००० वर ८.२५ टक्के धरून पहिल्याच वर्षी सहा हजार व्याजावर कर लागेल. तसं होत नाही. दरमहा २७,००० प्रमाणे नऊ महिन्यांत २,४३,००० भरतात, दहाव्या महिन्यात ७,००० वर मर्यादा संपते, आणि तिथून पुढचे २०,०००, २७,००० आणि २७,००० पीएफमध्येच वेगळ्या ठेवलेल्या करपात्र खात्यात पडतात. त्यावर वर्ष संपेपर्यंत व्याज मिळतं ते अवघं ४६१ रुपये. २०२३-२४ ला तिचा आकडा एवढाच होता, आणि तो इतका किरकोळ वाटला की विवरणपत्रात कुणी दाखवलाच नाही. पुढच्या वर्षी मात्र सुरुवातीची बाकी ७४,४६१ वर पूर्ण वर्षाचं व्याज पडलं ६,१४३, शिवाय नव्या भरण्याचे ४६१. एकूण ६,६०४. तेव्हाच्या पाच हजारांच्या मर्यादेवर गेल्याने १० टक्के टीडीएस, ६६० रुपये, यावेळी कलम १९४ए खाली.

व्हीपीएफ आज बंद केला तरी हे थांबत नाही. करपात्र खात्यात एकदा पडलेली रक्कम तिथेच राहते आणि तिच्यावरचं व्याज, व्याजावरचं व्याज, पैसे काढेपर्यंत दरवर्षी करपात्र असतं. तिने व्हीपीएफ ८,००० वर आणला, म्हणजे वर्षाचा भरणा २,४०,००० आणि नवी भर शून्य. जुन्या बाकीचं व्याज मात्र दर जुलैत विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ म्हणून लिहावंच लागणार. व्याजाचा दर जाहीर होऊन ते खात्यावर पडायला वर्ष संपल्यानंतर काही महिने जातात, त्यामुळे पासबुकातलं व्याजाचं वर्ष आणि २६एएस मधली टीडीएसची तारीख यांचा मेळ घालूनच विवरणपत्र भरावं.

तिची सेवा अजून चार वर्षं झाली नाही. उद्या तिने पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर वरच्या चार तुकड्यांतला स्वतःच्या हिश्शावरच्या व्याजाचा तुकडा पुन्हा मांडावा लागेल. जे व्याज दरवर्षी दाखवून झालंय ते त्यातून वजा करायचं, नाहीतर त्याच रुपयावर दोनदा कर जातो. त्यासाठी दर वर्षाचा करपात्र खात्याचा आकडा तिच्या फाइलला आत्तापासून लावून ठेवलाय, २०२३-२४ चे राहिलेले ४६१ धरून.